दुपारचा लाडिक मेसेज

लग्नाला पंधरा-वीस वर्षं झालेल्या जोडप्यांचे दिवसभरातले मेसेज बहुधा कामाचे असतात: सिलिंडर, मुलांची फी, येताना कोथिंबीर. त्यांत लाडिक मेसेज उठून दिसतो तो नेमकेपणामुळे. ‘मिस यू’ कोणालाही पाठवता येतं. ‘सकाळी निळ्या शर्टात निघालास, मीटिंगमध्ये तेच डोळ्यांसमोर येतंय’ हे एकालाच. त्यावर ‘मीटिंगकडे लक्ष दे, शर्ट संध्याकाळी घरीच येतोय’ असं उत्तर आलं, की गंमत रंगते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासात, सहा वर्षांनंतरही एकत्र असलेल्या जोडप्यांनी जोडीदाराच्या लक्ष वेधण्याच्या छोट्या प्रयत्नांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. विभक्त झालेल्यांनी ३३ टक्के. ते निरीक्षण प्रत्यक्ष सहवासातलं होतं, तरी मेसेजही असाच एक प्रयत्न असतो. म्हणून कामाच्या गर्दीत निदान एक इमोजी तरी परत जावी.

लाडिक ओळीला ‘आणि दूध आण’ जोडलं, की ती मस्का वाटते. ‘उत्तर का नाही?’ विचारलं, की तगादा होतो. सकाळचं भांडण मिटलेलं नसेल, तर आधी ‘चुकलं माझं’ लिहावं, थट्टा नंतर. आणि ऑफिसात फोनच्या स्क्रीनवर मेसेज झळकत असेल, तर खासगी मजकूर टाळावा.