रजेवर जाताना रील कशी करावी

दर मंगळवारी आणि शुक्रवारी रेसिपीची रील टाकणाऱ्या एका गृहिणीचं उदाहरण घेऊ. समजा, मुलीच्या बारावीच्या परीक्षेसाठी तिला महिनाभर थांबायचं आहे. अशा वेळी बहुतेकजणी कॅमेऱ्यासमोर बसून सुरुवात करतात, "सॉरी मंडळी, खूप वाईट वाटतंय, प्लीज रागावू नका..." रील बघणारा पहिल्या दोन-तीन सेकंदांतच थांबायचं की पुढे सरकायचं ते ठरवतो. ते सेकंद माफीतच जातात, मुद्दा कानावर पडतच नाही. शिवाय ज्याला काहीच खटकलं नव्हतं, त्यालाही आपल्यावर अन्याय झाल्यासारखं वाटू लागतं.

त्यापेक्षा तिने असं बोलावं : "१० फेब्रुवारीपासून नव्या रेसिपी थांबवतेय. मुलीची बारावी आहे, तिच्याजवळ राहायचंय. १९ मार्चला, पाडव्याच्या सकाळी श्रीखंड घेऊन येते. तोवर पापड-कुरडयांचे जुने व्हिडिओ वर ठेवलेत, यंदाची वाळवणं त्यावरून करा. पुढे काय शिकायचंय ते खाली लिहा, आल्यावर वाचते."

हे सारं वीस-पंचवीस सेकंदांत मावतं. कारण एका वाक्यात येतं आणि तेवढं पुरतं. तारीख मात्र नेमकीच हवी. रील लोकांपर्यंत टाकल्या दिवशीच पोहोचते असं नाही, कित्येकांना ती आठवड्याने दिसते. "उद्यापासून" किंवा "पुढच्या महिन्यात" म्हटलं, तर त्यांनी कुठला दिवस धरायचा? तारीख व्हिडिओवर अक्षरांतही लिहावी, कारण अनेकजण आवाज बंद ठेवून बघतात.

स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून ही घोषणा रीलमध्येच करावी आणि प्रोफाइलवर पिन करावी. इन्स्टाग्रामवर तीन पोस्ट पिन करता येतात. एक घोषणा, एक पापडाची, एक कुरडईची. मग नवा माणूस आला तरी त्याला बंद दुकान दिसत नाही.

घोषणा नीट झाली की नाही, ते कमेंटमध्ये कळतं. "कधी येणार?" असं बरेचजण विचारू लागले, तर तारीख ठळक दिसलेली नाही. "ताई, बरं आहे ना?" असं विचारू लागले, तर कारण फारच मोघम राहिलं.

माफी मागायची एक जागा मात्र खरी आहे. कुणी पैसे भरून क्लास लावला असेल किंवा मसाल्याची ऑर्डर दिली असेल, तर त्यांना वेगळा मेसेज करून पैसे परत मिळणार की तारीख पुढे जाणार, ते स्पष्ट सांगावं. सगळ्यांसाठीच्या रीलमध्ये तो विषय नको.

पाडव्याला जमणार नाही असं दिसलं, तर नवी तारीख पाडव्याच्या आधीच कळवा. आणि परत याल तेव्हा घोषणेची पिन काढून थेट श्रीखंडाला हात घाला, गैरहजेरीची कैफियत पुन्हा मांडू नका.