स्तनाग्र दुखतंय? आधी त्याचा आकार बघा

बाळंतपणानंतरच्या वर्गातल्या मैत्रिणींनो, बाळाने स्तन सोडला की लगेच स्तनाग्राकडे बघा. ते नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं दिसलं तर बाळ फक्त टोक चोखतंय. त्यानेच चिरा पडतात, आणि स्तन नीट रिकामा न झाल्याने पुढे दूधही कमी बनतं. दोन्ही तक्रारींचं मूळ बरेचदा हे एकच असतं.

डाव्या बाजूला पाजताना बाळाला उजव्या हातावर, पोटाला पोट लावून घ्या. तळवा त्याच्या खांद्यांमागे असू द्या, डोकं ढकलू नका. नाक स्तनाग्रासमोर आणा आणि बाळ मोठा आ करेपर्यंत थांबा. माझ्या मते सगळं या थांबण्यावर आहे! मग हनुवटी आधी टेकेल असं जवळ घ्या. सुरुवातीचे काही क्षण गेल्यावरही दुखलं, तर ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

स्तन मऊ लागले म्हणजे दूध आटलं, असं समजू नका. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत 6 वेळाही शू होत नसेल, किंवा 2 आठवड्यांत जन्मावेळचं वजन भरून आलं नसेल, तर मात्र त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.