आधी शब्दसूची, मग सारांश

सोसायटीच्या पुनर्विकासाचा करारनामा लांबलचक असतो. सभासदांसाठी त्याचा सारांश लिहिण्यापूर्वी व्याख्यांची सूची अशी करावी :

■ कुठे शोधाल? बऱ्याच व्याख्या सुरुवातीच्या कलमात सापडतात, काही मात्र पुढच्या मजकुरात दडलेल्या असतात. ‘यापुढे … असे संबोधले आहे’ ही शब्दरचना जोडपत्रांतही शोधा.

■ काय नोंदवाल? संज्ञा, जशीच्या तशी व्याख्या, कलम क्रमांक आणि त्या व्याख्येत आलेल्या इतर संज्ञा. हा शेवटचा रकाना गाळू नका.

■ उदाहरण : समजा, ‘ताबा तारीख’ म्हणजे ‘प्रारंभ तारखे’पासून ३६ महिने आणि ‘प्रारंभ तारीख’ म्हणजे शेवटच्या सभासदाने घर रिकामे केल्याचा दिवस. अशा वेळी सारांशात ‘सहीनंतर तीन वर्षांत घर’ लिहिणे चूक ठरेल. एक सभासद आठ महिने अडून बसला, तर सगळ्यांचाच ताबा तेवढा लांबेल.

■ कार्पेट एरिया : २०१६च्या रेरा कायद्यातील व्याख्येत सदनिकेच्या आतल्या भिंती धरल्या जातात; बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळली जाते. करारातली व्याख्या वेगळी असेल, तर दोन्ही शेजारी नोंदवा आणि सारांशातल्या आकड्यापुढे कोणती वापरली ते लिहा.

■ पूरक करार : व्याख्या बदलली, तर जुनी खोडू नका. नवी व्याख्या तारखेसह तिच्याखाली लिहा.

सारांशात प्रत्येक संज्ञेपुढे कलम क्रमांक द्या. वाद झाला, तर बघितले जाते ते मूळ कलमच.