दोन वर्षांचा आपत्कालीन निधी : मुदत ठेव की डेट फंड?

अडीअडचणीसाठी बाजूला काढलेले पैसे दोन वर्षे कोठे ठेवावेत, हा प्रश्न शाखेत वारंवार विचारला जातो. त्यापाठोपाठ बहुधा दुसरा प्रश्न येतो : ‘जास्त व्याज कशात मिळेल?’ प्रस्तुत लेखात आपण पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. आणि ते शोधताना असे दिसून येईल, की दुसरा प्रश्न या ठिकाणी फारसा महत्त्वाचा नाही. आपत्कालीन निधीची खरी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी होत नाही. ती मधल्या एखाद्या अनपेक्षित दिवशी होते. त्या दिवशी पैसे किती तासांत हाती येतील, किती येतील आणि ते कोणाच्या सहीने येतील, या तीन कसोट्यांवर दोन्ही पर्याय तपासून पाहू.

विवेचन सुलभ व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इंदूर येथे स्थायिक झालेले एक मराठी दांपत्य आहे. पती दोन वर्षांनी निवृत्त होणार असून त्यानंतर ग्रॅच्युइटी व भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती येईल. तोपर्यंत घरखर्चाच्या सहा महिन्यांइतकी, म्हणजे दरमहा ५०,००० रुपयांप्रमाणे ३ लाख रुपयांची रक्कम त्यांना सुरक्षित ठेवावयाची आहे. पुढील व्याजदर केवळ हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत; प्रत्यक्ष दर शाखेत पाहून घ्यावेत.

परताव्यातील अंतर किती?

मुदत ठेवीवर द.सा.द.शे. ६.५ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने व्याज मिळाल्यास ३ लाखांचे दोन वर्षांनी सुमारे ३,४१,२९० रुपये होतील. डेट फंडाने, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे गुंतविणाऱ्या म्युच्युअल फंडाने, वार्षिक ६.८ टक्के परतावा दिला असे मानल्यास ३,४२,१९० रुपये होतील. दोन वर्षांतील अंतर केवळ ९०० रुपयांच्या आसपास आहे. शिवाय ठेवीचा दर पावतीवर छापलेला असतो. फंडाचा परतावा हा अंदाज असतो.

पूर्वी डेट फंडाचे पारडे करसवलतीमुळे जड होत असे. तीन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या युनिट्सवर महागाई निर्देशांकाचा लाभ मिळे. मात्र १ एप्रिल २०२३ पासून खरेदी केलेल्या डेट फंडांच्या युनिट्सवरील नफा, ती कितीही काळ ठेवली तरी, नेहमीच्या उत्पन्नात मिळवून करपात्र धरला जातो. दोन वर्षांसाठी तर तो लाभ पूर्वीही नव्हता. तेव्हा अजूनही ऐकू येणारा ‘फंडात कर कमी’ हा सल्ला जुन्या काळातील आहे.

एक फरक मात्र आजही शिल्लक आहे. ठेवीवरील व्याज हाती आले नसले तरी दरवर्षी करपात्र ठरते. फंडावरील कर युनिट्स विकल्यावरच लागतो. आपल्या उदाहरणातील पती आज २० टक्के दराने कर भरतात व निवृत्तीनंतर त्यांचे उत्पन्न करमर्यादेच्या आत येणार आहे, असे समजू. त्यांनी १ लाख रुपये फंडात ठेवले, दोन वर्षांत त्यावर सुमारे १२,४०० रुपये नफा झाला आणि निवृत्तीनंतरच्या आर्थिक वर्षात युनिट्स विकली, तर उपकरासह सुमारे २,५८० रुपयांचा कर वाचेल. अर्थात, मध्येच गरज पडली नाही तरच.

गरज पडली त्या दिवशी

आता समजा, नऊ महिने पूर्ण झाले असता रुग्णालयासाठी १ लाख रुपयांची गरज पडली. मुदत ठेव मोडली तर पावतीवरचा दर मिळत नाही. ठेव जितके दिवस प्रत्यक्ष राहिली त्या कालावधीचा, ठेव ठेवतेवेळी लागू असलेला दर घेतला जातो आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का वजा करतात. नऊ महिन्यांसाठी तो दर ६ टक्के व कपात १ टक्का धरली, तर व्याज ५ टक्क्यांनी मिळेल.

३ लाखांची एकच पावती असेल, तर १ लाखासाठी संपूर्ण पावती मोडावी लागू शकते. नऊ महिन्यांचे व्याज १४,८६० ऐवजी ११,३९० रुपये, म्हणजे सुमारे ३,४७० रुपये कमी मिळेल. त्याऐवजी ५०,००० रुपयांच्या सहा पावत्या केल्या असत्या, तर दोनच मोडाव्या लागल्या असत्या आणि नुकसान सुमारे १,१६० रुपयांवर थांबले असते. ठेवीची रक्कम, मुदत, दर सारे तेच. फरक केवळ पावत्यांच्या संख्येचा.

याहून सौम्य मार्ग ठेवीच्या तारणावर कर्ज घेण्याचा. त्याचा दर ठेवीच्या दराहून साधारणतः एक ते दोन टक्के अधिक असतो. विम्याची भरपाई दोन महिन्यांत येणार असेल, तर १ लाखावर ७.५ टक्क्यांनी १,२५० रुपये व्याज पडेल. पण न मोडलेली ठेव त्याच काळात सुमारे १,०८० रुपये मिळवून देईल. निव्वळ खर्च १७० रुपयांच्या जवळपास. पैसे लवकर परत येणार असतील तर तारण कर्ज घ्यावे. येणारच नसतील तर पावती मोडावी, असा साधा नियम त्यातून निघतो.

फंडात अशी कपात सहसा नसते. लिक्विड फंडात ती केवळ पहिल्या सहा दिवसांत, तीही अल्प असते. मात्र तेथे दिवस मोजावे लागतात. विक्रीची विनंती कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोहोचली, तर लिक्विड फंडाचे पैसे साधारणतः पुढील कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. शुक्रवारी सायंकाळी विनंती केली तर ती सोमवारची धरली जाते आणि पैसे मंगळवारी मिळतात; सोमवारी सुटी असल्यास बुधवारी. काही लिक्विड फंडांत तात्काळ रक्कम मिळते, पण ती एका योजनेतून दिवसाला ५०,००० रुपये अथवा शिलकीच्या ९० टक्के, यांपैकी कमी असेल तेवढीच.

किंमत कशाने घसरते?

‘डेट फंड’ या एकाच नावाखाली अतिशय भिन्न योजना येतात. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत उतरते आणि रोख्यांची मुदत जितकी लांब तितकी ती अधिक उतरते. योजनेच्या माहितीपत्रकात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडा दिलेला असतो. तो २.५ असेल, तर दर १ टक्का वाढल्यास युनिटची किंमत अंदाजे २.५ टक्के घटेल. १ लाखावर ही घट २,५०० रुपयांची, म्हणजे चार-पाच महिन्यांची कमाई होय. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, हे ध्यानात घेतल्यास ही शक्यता केवळ पुस्तकी नाही हे पटेल. लिक्विड फंड मात्र ९१ दिवसांपर्यंतचेच रोखे घेतो. त्यामुळे त्यास हा धक्का अगदी किरकोळ बसतो.

दुसरा धोका रोखे काढणाऱ्या कंपनीच्या पतीचा. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटन या संस्थेने सहा डेट योजना गुंडाळल्या व त्यांतून पैसे काढणे बंद झाले. त्यांत ‘अल्ट्रा शॉर्ट’ असे नाव असलेली योजनाही होती. रक्कम पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाली. परंतु पहिला हप्ता येण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडले. मुद्दल बुडाले नाही, तरी कोविडच्या त्या वर्षात अडचणीच्या वेळी ते हाताशी नव्हते.

बँकेतील पैसा कधीच अडकत नाही, असेही म्हणता येणार नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या खातेदारांना सुमारे दोन आठवडे ५०,००० रुपयांची मर्यादा होती. ठेवींना मात्र विम्याचे छत्र आहे : एका बँकेत एका ठेवीदाराची मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम संरक्षित असते. फंडास असा विमा नाही. आपल्या उदाहरणातील ३ लाख रुपये, त्याच बँकेत इतर ठेवी नसल्यास, सव्याज या मर्यादेत बसतात.

सही कोणाची?

सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. पती-पत्नींच्या संयुक्त ठेवीवर ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असलेली व्यक्ती’ अशी सूचना असली, की कोणीही एकटा ती मोडू शकेल असा समज असतो. वस्तुतः ती सूचना मुदत संपल्यावरच्या रकमेसाठी आहे. मुदतीपूर्वी ठेव मोडण्यासाठी बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. आणि एकाचे निधन झाले असल्यास त्याच्या कायदेशीर वारसांची संमती लागू शकते. पती अतिदक्षता विभागात असताना पत्नी पावत्या घेऊन शाखेत येते आणि सहीअभावी अडते, ती यामुळे. यावर उपाय सोपा आहे. मुदतपूर्व रक्कम दोघांपैकी कोणासही अथवा हयात व्यक्तीस द्यावी, असे लेखी संमतिपत्र ठेव ठेवतानाच दोघांनी मिळून द्यावे व त्याची नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी.

फंडातही हीच अडचण वेगळ्या रूपात येते. युनिट्स संयुक्त असली तरी विक्रीची रक्कम पहिल्या धारकाच्या नोंदणीकृत बँक खात्यात जाते. ते खाते त्याच्या एकट्याच्या नावे असेल, तर पैसे येऊनही घरच्यांच्या हाती लागत नाहीत. म्हणून तेथे संयुक्त खातेच नोंदवावे.

मग काय करावे?

इंदूरच्या दांपत्यास असे सुचविता येईल : २ लाख रुपये ५०,००० च्या चार पावत्यांत, मुदतपूर्व रकमेच्या संमतिपत्रासह ठेवावेत. उरलेले १ लाख, निवृत्तीनंतरचा करलाभ मोलाचा वाटत असल्यास, लिक्विड फंडात ठेवावेत. तसा लाभ नसेल तर आणखी दोन पावत्या कराव्यात. गरज पडल्यास प्रथम पावत्यांवर तारण कर्ज घ्यावे अथवा एकेक पावती मोडावी; युनिट्सना शेवटी हात लावावा. दीर्घ मुदतीचे अथवा कमी पतीचे रोखे घेणारे फंड या रकमेसाठी नकोतच.

घरी ठेवलेल्या पावत्या या आठवड्यात एकदा काढून पाहाव्यात. त्यांवर दर किती आहे हे आपणांस ठाऊक असतेच. मुदतपूर्व रकमेचे संमतिपत्र दिले आहे काय, एवढे शाखेत विचारून घ्यावे.