कुलूप न उघडता

सांगलीला काकांकडे गेलो होतो. वय 71, हृदयात धातूची झडप, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज. सकाळी एकटेच फिरायला जातात. मी सहज विचारलं, "काका, रस्त्यात चक्कर येऊन पडलात तर लोकांना काय कळेल?" काकांनी खिशातून मोबाइल काढून समोर ठेवला. "ह्याच्यात सगळ्यांचे नंबर आहेत की!" नंबर होते, पण फोनला पिन होता आणि तो फक्त काकांना ठाऊक होता.

दुपारभर आम्ही त्या फोनला बसलो. काकांचा फोन अँड्रॉइडचा. त्यात Settings उघडून वर शोधायच्या जागी emergency टाइप केलं की Safety & emergency नावाचा भाग सापडतो. कंपनीप्रमाणे नाव थोडंफार बदलतं, म्हणून मेनूत हिंडत बसण्यापेक्षा शोधणं सोपं. आयफोनवर वैद्यकीय माहिती वेगळीकडे असते. Health हे अॅप उघडायचं, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबायचं आणि Medical ID भरायचं.

पहिला रकाना रक्तगटाचा. काकांनी तो उत्साहाने सांगितला आणि आता काम झालं असा चेहरा केला. खरं तर तो सगळ्यात कमी उपयोगाचा. मोबाइलवर लिहिलंय म्हणून कुठलंही रुग्णालय रक्त चढवत नाही, ते आधी स्वतः तपासून घेतात. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला हवं असतं ते वेगळंच. माणूस रक्त पातळ करणारं औषध घेतो का, इन्सुलिन घेतो का, फिट येते का, पेसमेकर आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे. काकांसारखा माणूस डोक्यावर पडला, तर बाहेर खरचटलेलंही दिसणार नाही आणि आत रक्तस्राव चालू असू शकेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा पत्ता लागला की डॉक्टर त्या दिशेने लवकर बघतात.

"मग लिही, रक्ताची गोळी," काका म्हणाले. कुठली? "ती छोटी, पांढरी." शेवटी काकूंनी डब्यातून पाकीट आणलं. त्यावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं. आपण खालचं घ्यायचं, कारण वरचं नाव प्रत्येक कंपनीचं निराळं. किती मिलिग्रॅम ते मुद्दाम लिहिलं नाही. रक्ताच्या तपासणीनुसार काकांचा डोस बदलत राहतो, आणि जुना आकडा असण्यापेक्षा आकडा नसलेला बरा. अ‍ॅलर्जीचं मात्र काकूंनाच आठवलं. सल्फाच्या गोळीने पूर्वी एकदा अंगभर चट्टे उठले होते. काका ते साफ विसरले होते. शेवटी फोनमध्ये एवढंच गेलं:

```
Mechanical heart valve
On blood thinner: acenocoumarol
Allergy: sulfa drugs
```

हे इंग्रजीत लिहिलं, कारण वाचणारा डॉक्टर मराठीच असेल असं नाही. पत्ता आणि आधार क्रमांक टाकला नाही. फोन ज्याच्या हाती लागेल त्याला ही पाटी वाचता येणार.

आता गंमत अशी की एवढं भरूनही ते लॉक स्क्रीनवर दिसेलच असं नाही. त्यासाठी वेगळं बटण असतं. आयफोनवर ते Show When Locked. अँड्रॉइडवर तिथेच जवळपास, कुलूप असताना माहिती दाखवायची का असं विचारणारं. ते चालू झालं की नाही हे बघायचा एकच उपाय आहे. फोन लॉक करून दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आम्ही काकूंना दिला. पिन मागणाऱ्या पडद्यावर खाली Emergency call असं बारीक लिहिलेलं असतं, ते दाबलं की पुढच्या पडद्यावर वैद्यकीय माहिती उघडायची जागा येते. काकूंना ती सापडली, पण मी बोट दाखवल्यावर. रस्त्यावरच्या माणसाला कोण दाखवणार? म्हणून आणखी एक केलं. लॉक स्क्रीनवर स्वतःची एक ओळ लिहायची सोय अँड्रॉइडमध्ये असते. तिथे 'हृदयरोगी. घरी कळवा' आणि काकूंचा नंबर टाकला. आयफोनवाल्यांनी असा मजकूर असलेला फोटोच वॉलपेपर म्हणून लावावा. दिसायला काही फार शोभत नाही, पण वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही.

आपत्कालीन संपर्कात काकांनी पहिलं नाव अमेरिकेतल्या मुलाचं सांगितलं. मी ते खाली ढकललं. सांगलीत सकाळचे सात वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र असते, आणि तो जागा असला तरी येणार कसा? पहिल्या काकू, दुसरे शेजारचे शिंदे, तिसरा मुलगा.

मग शिंदेंना बोलावून घेतलं, कारण संपर्क म्हणून नाव घातलेल्या माणसाला ते माहीत हवं. काकांनी एसओएस दाबलं की शिंदेंना एसएमएस जाणार आणि त्यात नकाशाची लिंक असणार. आलेली लिंक दाबायची नाही, हे तर आपणच घरच्या वडीलधाऱ्यांना घोकून घोकून शिकवलंय! शिंदे म्हणालेच, "मी तर डिलीट केला असता." काकांच्या नंबरवरून, काकांच्या नावाने आला तर तो उघडायचा असं ठरलं.

हा एसएमएस जायला काकांच्या सिमचं रिचार्ज जिवंत लागतं. 112 ला फोन लावायला ते लागत नाही. आपल्या कंपनीची रेंज नसेल तर तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरूनही जातो. पुष्कळ घरांत म्हाताऱ्यांचं सिम फक्त येणारे फोन घेण्यापुरतं असतं. तिथे मदत बोलावता येईल, पण घरच्यांना काही कळणार नाही. लोकेशन बंद असेल तर एसएमएस जाईल, पण नेमकी जागा कळेलच असं नाही.

एसओएस म्हणजे बाजूचं पॉवर बटण भराभर दाबणं. अँड्रॉइडवर साधारणपणे पाच वेळा, भारतातल्या आयफोनवर तीन वेळा. आपल्याकडे 1 जानेवारी 2017 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांत संकटाचं बटण असण्याचा नियम आहे. बटणांच्या साध्या फोनवर 5 किंवा 9 हा आकडा दाबून धरायचा. गावाकडच्या आजीच्या फोनमध्येही ते असेल, फक्त तिला कुणी सांगितलेलं नसतं.

अँड्रॉइडवर पाचदा दाबल्यावर पुढे काय व्हावं हे निवडता येतं. एक, पडद्यावरचं बटण तीन सेकंद दाबून धरलं तरच फोन लागेल. दुसरं, पाच सेकंद उलटी मोजणी होऊन आपोआप लागेल. काकांना चक्कर येण्याची धास्ती, म्हणून मी आपोआपचं निवडलं. त्याची किंमत म्हणजे खिशात चुकून बटण दाबलं जाणं. 2023 मध्ये ब्रिटनमध्ये अँड्रॉइड फोनांवरून असे इतके मुके कॉल जाऊ लागले की पोलिसांना लोकांना जाहीरपणे सांगावं लागलं. चुकून लागलाच तर घाबरून कट करायचा नाही. चुकून लागला, सगळं ठीक आहे, असं सांगायचं आणि मग ठेवायचा. नाहीतर पलीकडचा माणूस परत फोन करत बसतो.

चाचणी 112 वर करायची नाही. काकांच्या फोनमध्ये मदतीचा नंबर बदलायची सोय होती. तिथे तात्पुरता माझा नंबर घातला आणि काकांना म्हटलं, "दाबा." पहिल्यांदा त्यांनी इतकं सावकाश दाबलं की पडदा नुसता लागत-विझत राहिला. दुसऱ्यांदा जमलं. फोनने असा काही भोंगा वाजवला की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. माझा फोन वाजला, शेजारून शिंदेंनी ओरडून एसएमएस आल्याचं सांगितलं. आवाज बंद करता येतो, आणि कुणापासून लपून मदत मागायची वेळ येऊ शकते त्यांनी तो बंदच ठेवावा. काकांनी चालू ठेवला. मी माझा नंबर काढून 112 परत घातला, आणि निघताना चपला घालता घालता पुन्हा एकदा उघडून बघितला.