जुन्या पत्रिकांसाठी ‘एक्सपी’चे आभासी घर

कर्जतजवळील दहिवलीसारख्या ठिकाणच्या एखाद्या छापखान्यात जुन्या लग्नपत्रिका पेजमेकर आणि श्रीलिपीत जुळवलेल्या असतात. ३२-बिटचे कुलूप-ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर बसत नाहीत. मग पत्रिका उघडली तरी अक्षरांचा नुसता गोंधळ! अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात, विंडोज एक्सपी बसवावी. आभासी हार्डडिस्क मात्र SATA नव्हे, IDE कंट्रोलरला जोडावी. एक्सपीकडे SATA च्या AHCI पद्धतीचा ड्रायव्हर नसल्याने इन्स्टॉल करताना ‘हार्डडिस्क सापडत नाही’ असा संदेश येतो. कुलूप यूएसबीचे असल्यास USB 1.1 निवडून ते आत जोडावे; एक्सपीला USB 3.0 ओळखता येत नाही. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्येच थांबल्या, तेव्हा तिची इंटरनेट जोडणी बंदच ठेवावी.