मोदकाच्या कळ्या रीलमध्ये, उकडीचं प्रमाण कॅरोसेलमध्ये

गणपतीच्या आधीचे दोन आठवडे घरगुती मोदक विकणाऱ्यांची इन्स्टाग्रामवर धांदल असते. समजा, ठाण्यातल्या एका बाईंना या दिवसांत तीन गोष्टी लोकांपर्यंत पोचवायच्या आहेत: कळ्या कशा पाडायच्या, मोदक फाटतात का आणि ऑर्डर कधीपर्यंत घेणार. तिन्ही विषय मोदकाचेच, म्हणून तिन्हींची रील करायचा मोह होतो. त्याला कारणही आहे. टिकटॉकवर बंदी आल्यावर जुलै २०२० मध्ये भारतात रील सुरू झाली. तेव्हापासून आपल्याला फॉलो न करणाऱ्या अनोळखी लोकांसमोर जाण्याचा तो मोठा रस्ता ठरला आहे.

पण रील शोभते ती हालचालीला. पारी हातात घेऊन अंगठा आतून आणि दोन बोटं बाहेरून चिमटत कळी उभी राहते, तेव्हा बोटांचा दाब आणि पारी फिरवण्याचा वेग पाहावाच लागतो. याचे सहा फोटो काढले, तर नेमकी गोष्ट तिसऱ्या आणि चौथ्या फोटोच्या मधे घडून जाते आणि शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. व्हिडिओ मधेच थांबवला आणि समोरच्या स्थिर चित्रातून सगळं समजलं, तर त्या विषयाला रीलची गरज नव्हती. कळ्यांच्या बाबतीत थांबवलेलं चित्र अर्धवट वाटतं.

सुरुवात थेट बोटांपासून करावी. ‘नमस्कार मैत्रिणींनो’ म्हणेपर्यंत पाहणारा पुढे सरकलेला असतो. रीलच्या इनसाइट्समध्ये लोक कुठल्या सेकंदाला निघून गेले याचा आलेख मिळतो. तो पहिल्या तीन सेकंदांतच कोसळला असेल, तर आधी सुरुवात बदलून पाहावी.

‘मोदक का फाटतात’ हा विषय मात्र रीलमध्ये गुदमरतो. त्यात प्रमाण आहे, कारणं आहेत आणि ते वाचणारी बाई ओट्याशी उभी राहून, हाताला पीठ लागलेलं असताना पुन्हा पाहणार आहे. पळत्या व्हिडिओवर प्रमाण लिहिलं की खाली ‘ताई, पाणी किती?’ अशा कमेंट येतात. विषय चुकीच्या साच्यात पडल्याची ती सगळ्यात स्पष्ट खूण. इथे कॅरोसेल हवं, म्हणजे बोटाने सरकवत पाहायच्या अनेक फोटोंची एकच पोस्ट. आता तिच्यात २० पर्यंत फोटो मावतात, पण या विषयाला पाच-सहा पुरतात.

पहिल्या फोटोत फाटलेला मोदक अगदी जवळून दाखवावा आणि त्यावर फक्त प्रश्न असावा. दुसऱ्यात प्रमाण: तांदळाच्या एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, थोडं तूप. तिसऱ्यात उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळताना दिसावी, कारण गार झाल्यावर मळलेली उकड चिरते. चौथ्यात उरलेल्या गोळ्यावर ओलं फडकं, पाचव्यात पातळ राहिलेलं आणि नीट आटलेलं सारण शेजारी शेजारी. शेवटी मोदकपात्रात ठेवण्याआधी मोदकावरून फिरवलेला पाण्याचा हात. प्रत्येक फोटोत एकच कारण आलं, तर वाचणाऱ्याला आपली चूक नेमकी सापडते.

कॅरोसेलचा आणखी एक फायदा इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सांगितला आहे. कुणी पहिला फोटो पाहून न सरकवता पुढे गेलं, तर तीच पोस्ट नंतर दुसऱ्या फोटोपासून पुन्हा दाखवली जाऊ शकते. म्हणून दुसरा फोटो स्वतःच्या बळावर समजायला हवा. ‘मागच्या फोटोत पाहिल्याप्रमाणे’ असं तिथे लिहिलं की ही दुसरी संधी वाया जाते. पोस्ट जमली की नाही हे लाइकपेक्षा ती किती जणांनी सेव्ह केली यावरून जास्त कळतं.

राहिली ऑर्डरची तारीख. तिला ना हालचाल आहे ना क्रम, त्यामुळे एक फोटो बास. मोदकांचं ताट, मोठ्या अक्षरांत दर, शेवटची तारीख आणि डिलिव्हरी कुठपर्यंत, एवढंच. हे फोटोवरच लिहावं, कारण कॅप्शनच्या पहिल्या ओळीनंतरचा मजकूर ‘more’ दाबल्याशिवाय दिसत नाही आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला की कॅप्शन मागेच राहतं. मजकूर कडेपासून आत घ्यावा. प्रोफाइलवरचे चौकोन २०२५ पासून उभे झाले आहेत आणि आडव्या फोटोच्या दोन्ही बाजू तिथे कापल्या जातात. तारीख उलटल्यावर ती पोस्ट अर्काइव्ह करावी, नाहीतर नवरात्रातही कुणीतरी जुन्या दराने अकरा मोदक मागतं.